कालपासून तीन सेंटिमीटर

पावसाळ्यात आमच्या काउंटरवरचा मोबाइल सकाळी साडेआठलाच तापलेला असायचा. साताऱ्यात एका फिजिशियनच्या क्लिनिकमध्ये मी नऊ वर्षं रिसेप्शनला होते. ओपीडी दहाला सुरू व्हायची, पण रात्रीपासून व्हॉट्सॲपवर तीस-पस्तीस निरोप येऊन पडलेले असत. समोर बाकावर सातआठ माणसं बसलेली, एक हात रजिस्टरवर, एक फोनवर, आणि मधूनच केबिनमधली घंटा. अशा वेळी एकेका निरोपाला माझ्याकडून किती वेळ मिळत असेल? दहा सेकंद. तेवढ्यात मला ठरवावं लागे, हा पेशंट आज की गुरुवारी.

त्यातला एक सोमवार मी विसरलेले नाही. निरोप असा होता:

“नमस्कार मॅडम, बाबांचा पाय जरा सुजलाय, थोडा लालसर पण वाटतोय. त्यांना बरं वाटत नाहीये. सरांची अपॉइंटमेंट मिळेल का? जमलं तर लवकरची बघा प्लीज.”

मी उत्तर दिलं, “गुरुवार संध्या. ७.१५.” मुलीचा लगेच अंगठा आला आणि विषय संपला.

ते चुकलं, आणि ती चूक आधी माझी. सूज म्हटल्यावर मधुमेह आहे का, हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. पण तो निरोप पुन्हा वाचला की हेही दिसतं, की त्यात मला थांबवणारं काहीच नव्हतं. ‘जरा’, ‘थोडा’, ‘लालसर’, ‘जमलं तर’. आपल्याकडे दुसऱ्याला त्रास नको म्हणून बोलणं मवाळ करायची सवय असते, आणि ती एरवी चांगलीच. दुखण्याबद्दल लिहिताना मात्र प्रत्येक मवाळ शब्द दुखणं एकेक पायरी खाली उतरवतो. त्या दिवशी पाय सुजलेले आणखी तीन पेशंट होते. एकीचे दोन्ही पाय महिनाभर सुजत होते, एक लग्नात दिवसभर उभे होते, एकांचा घोटा मुरगळला होता. हे काका त्यांच्यात मिसळून गेले.

रिसेप्शनला बसलेली बाई काय करू शकते आणि काय नाही, हे आधी सांगते. ती निदान करत नाही, तिने करूही नये. तिच्या हातात दोनच गोष्टी असतात. भरलेल्या यादीत एखादं नाव मध्ये घुसवणं, आणि दोन पेशंटांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात केबिनचं दार ढकलून डॉक्टरांना एक वाक्य सांगणं. ‘सर, एका पेशंटचा पाय सुजलाय’ असं सांगितलं तर सर मान वर न करता म्हणतील, ‘घे की उद्या-परवा.’ म्हणून तुमच्या निरोपाने मला ते वाक्य द्यायला हवं, जे ऐकून डॉक्टर हातातलं पेन खाली ठेवतील.

ते वाक्य दुसऱ्या दिवशी आलं. त्याआधी सोमवारी रात्री जे घडलं ते मला मागाहून कळलं. त्यांच्या शेजारी सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. मुलीने त्यांना पाय बघायला बोलावलं. सिस्टरांनी आधी दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू टेकवून बघितली. डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्ट गरम होता. मग त्यांनी बोटांच्या बेचक्या उघडल्या. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये चिखल्या झाल्या होत्या, आणि तिथली कातडी चिरलेली होती. काकांना ते माहीतही नव्हतं, कारण दुखतच नव्हतं. सिस्टरांनी निळं बॉलपेन घेतलं, लालीच्या कडेने पायावर रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘सोम. रा. ९’.

ही रेघ साधी दिसते, पण तिच्यामागे बराच विचार आहे. कातडीच्या खालच्या थरात जंतूंचा संसर्ग झाला, ज्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात, की लाली, सूज आणि गरमपणा एका बाजूने पसरत जातो. पसरतोय की थांबलाय, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि डोळ्यांना नेमकं हेच कळत नाही. सकाळी बघितलेला पाय संध्याकाळी आठवणीतून मापता येत नाही. एक जण म्हणतो वाढलंय, दुसरा म्हणतो तेवढंच आहे. रेघ असली की वाद राहत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तर ‘लाल’ असं फारसं दिसतच नाही; काळसर, जांभळट, ताणून चकाकणारी कातडी दिसते. म्हणून रंगाच्या कडेवर भरवसा नसेल तर गरमपणा आणि सूज कुठे संपते, ती कड आखायची.

दुसरी गोष्ट न दुखण्याची. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाच्या संवेदना बोथट होतात. चपलेतला खडा कळत नाही, बेचकीतली चीर कळत नाही. घरचे म्हणतात, ‘दुखत नाही म्हणतायत, म्हणजे साधंच असेल.’ मधुमेही पायाच्या बाबतीत हा दिलासा खोटा आहे. म्हणून निरोपात ‘दुखत नाही’ एवढंच लिहू नका, ‘पाय बधिर आहे, दुखणं कळत नाही’ असं लिहा. दोन्हींचा अर्थ डॉक्टरांच्या कानात अगदी वेगळा उमटतो.

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने पाठवलेला निरोप हा. नाव-नंबर तेवढे गाळले आहेत:

“अर्जंट, आजच दाखवायचं आहे. बाबा, वय ६४, फाइल नं. —, मधुमेह १४ वर्षं, सरांचेच पेशंट.
डावा पाय रविवार संध्याकाळपासून सुजलाय. काल रात्री ९ ला पेनाने कड आखली होती. आज ७ ला लाली त्या रेघेच्या ३ सेंमी वर गेली आहे. पाय गरम आहे. करंगळीच्या बेचकीत चीर आहे, पाणी येतंय. पाय बधिर असल्यामुळे दुखत नाही.
ताप काल नव्हता, आज १००.८, तापाची गोळी दिलेली नाही. उपाशी साखर २८६, एरवी १४० च्या आसपास. शुद्धीवर आहेत, श्वास नीट आहे.
पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.
काल गुरुवारची वेळ मिळाली होती, पण रात्रीतून वाढलंय. आज कधीही बोलवा, २० मिनिटांत येतो. जमणार नसेल तर कुठे न्यायचं ते सांगा. फोन —”

मी हे ओपीडी सुरू व्हायच्या आधी वाचलं. सर गाडी लावत होते, तिथेच जाऊन त्यांना सांगितलं, ‘सर, चौदा वर्षांचा डायबेटिक, पायाची लाली रात्रीतून तीन सेंटिमीटर चढलीय, आज ताप आहे.’ सर म्हणाले, ‘आत्ता बोलव. पहिला घेऊ.’

या निरोपात नेमकं काय काम करून गेलं, ते थोडं उलगडून सांगते.

पहिल्या ओळीत मागणी आहे आणि माणूस आहे. फोनवर निरोपाच्या पहिल्या एक-दोन ओळीच वर दिसतात. ‘नमस्कार मॅडम, कशा आहात’ यात त्या खर्च झाल्या तर बाकीचं उघडलंच जात नाही. त्याच ओळीत ‘मधुमेह १४ वर्षं’ आहे. एकच सूज पंचवीस वर्षांच्या मुलाची आणि मधुमेही काकांची वेगवेगळी तोलली जाते. किडनीचा आजार, कॅन्सरवर चालू असलेले उपचार, गरोदरपण, स्टिरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांतलं काहीही असेल तर ते वरच असायला हवं. फाइलमध्ये आहेच की, असं धरून चालू नका. फाइल कपाटात असते, आणि निरोप वाचणारी काउंटरवर.

मग येतो बदल. माझ्या मते सगळा निरोप या एका गोष्टीवर उभा आहे. ‘सूज आहे’ ही स्थिती झाली; ‘काल रेघेपर्यंत, आज रेघेच्या तीन सेंटिमीटर वर’ ही चाल झाली. आजची वेळ मिळते ती चाल दिसल्यावर. शिवाय ते तीन सेंटिमीटर डॉक्टरांच्या हिशेबातही बसतात. मधुमेही पायाच्या संसर्गाची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी वापरतात, तिच्यात जखमेच्या कडेपासून लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि वरवरची असेल तर संसर्ग सौम्य धरतात. ती दोनच्या पुढे गेली किंवा संसर्ग खोल उतरला तर मध्यम. ताप, जोराची नाडी, भरभर श्वास अशा खुणा अंगभर दिसू लागल्या तर गंभीर. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने पट्टी लावून मापलं, एवढंच. बाकी हिशेब सरांनी केला.

तापाच्या आकड्यापुढे ‘तापाची गोळी दिलेली नाही’ हे चार शब्द सिस्टरांनी लिहायला लावले होते. पॅरासिटामॉल घेऊन दोन तासांनी मोजलेला ९९ आणि काहीच न घेता मोजलेला ९९ यांत फरक आहे. गोळी दिली असेल तर कोणती आणि किती वाजता, ते लिहायचं. घरात थर्मामीटर नसेल तर मराठीने आपल्याला चांगले शब्द दिलेले आहेत, ते वापरा. ‘कणकण’ वेगळी आणि ‘दात वाजतील अशी हुडहुडी’ वेगळी. हुडहुडी भरून ताप येतोय हे कळलं की डॉक्टर जंतू रक्तात गेले असतील का, असा विचार करतात. तसंच ‘दुखतंय’ऐवजी ठणका आहे, आग होतेय, चावल्यासारखं होतंय की मुंग्या येतायत, ते लिहा. पण एक ध्यानात असू द्या: ताप नाही म्हणजे धोका नाही, असं मधुमेहात धरता येत नाही. पाय बराच बिघडूनही ताप न आलेले पेशंट मी पाहिले आहेत. अशा वेळी विनाकारण चढलेली साखर हीच खूण असते, म्हणून २८६ शेजारचा ‘एरवी १४०’ फार मोलाचा.

‘शुद्धीवर आहेत, श्वास नीट आहे’ हे वाचून काहींना वाटेल, चांगलं कशाला लिहायचं, आपलीच बाजू लंगडी पडेल. उलट आहे. त्यामुळे मला कळलं की हे क्लिनिकचं काम आहे, ॲम्ब्युलन्सचं नाही. आणि लिहिणारी फुगवून सांगत नाही, हेही कळलं. दर महिन्याला ‘इमर्जन्सी आहे’ म्हणून येणारी आणि आल्यावर रिपोर्ट दाखवणारी घरं आम्हाला पाठ असतात. त्यांच्याकडे खरी वेळ येते तेव्हा काउंटरवरच्या बाईचा हात अडखळतो. तसं होऊ नये, पण होतं.

शेवटी तिने काय हवं ते सरळ मागितलं आणि दुसरी वाटही विचारली. ‘बघा जमलं तर’ याला ‘नाही जमत’ हे उत्तर सोपं असतं. ‘जमणार नसेल तर कुठे न्यायचं ते सांगा’ याला उत्तर देण्यासाठी मला उठून सरांकडे जावंच लागतं. रुग्णालयांत एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याला पेशंटची माहिती कशी द्यावी, याची एक पद्धत जगभर शिकवतात: आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं, आणि मला काय हवंय. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरच्या बोलण्याच्या रीतीतून आली असं सांगतात. साताऱ्यातल्या एका सिस्टरांनी शेजारणीच्या मुलीकडून नेमकं तेच लिहून घेतलं होतं.

निरोपासोबत फोटो एकच होता. दोन्ही पाय शेजारी शेजारी, खिडकीच्या उजेडात, पेनाची रेघ दिसेल असा. हे मी मुद्दाम सांगते, कारण अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून काढलेले एकाच पायाचे आठ फोटो काही सांगत नाहीत; फ्लॅशने लाली धुऊन जाते, आणि शेजारी दुसरा पाय नसेल तर सूज कळत नाही. आणि कृपा करून आवाजी निरोप पाठवू नका. समोर दहा माणसं बसलेली असताना कुणाच्या वडिलांच्या दुखण्याची कहाणी मी मोठ्याने कशी लावू? तो निरोप दुपारी एकला, ओपीडी आटोपल्यावर ऐकला जातो.

निरोप पाठवला म्हणजे तो पोहोचला असंही नाही. निळ्या खुणा दिसल्या तरी फोन कदाचित आमच्या मावशींच्या हातात असेल. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर फोन करा आणि उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य हे म्हणा: ‘ताई, मधुमेही पेशंट आहे, पायाची लाली रात्रीतून वाढलीय, ताप आहे, आज दाखवायचंय; व्हॉट्सॲप केलाय.’ नकार आला तर भांडू नका, ‘सरांना एकदा विचारून सांगता का, मी लाइनवर थांबते’ म्हणा. हे वाक्य ऐकून मी स्वतः कितीदा तरी उठले आहे.

आता मर्यादा. काही वेळा निरोप लिहीत बसणंच चूक असतं. पाय दिसतो त्या मानाने वेदना असह्य असतील, कातडी काळी पडत असेल, पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येत असतील, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागत असेल, माणूस बरळायला लागला असेल, लघवी फार कमी झाली असेल, धाप लागत असेल, किंवा हुडहुडी भरून अंग गळून गेलं असेल, तर अपॉइंटमेंट मागू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या, नाहीतर १०८ ला फोन करा. तिथे जाताना मात्र हाच मजकूर कामाला येतो. तो फोनमधून वाचून दाखवा. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे, जोडीला छातीत दुखतंय किंवा दम लागतोय, तर तेही कॅज्युअल्टीचंच काम. रक्ताची गाठ असू शकते, आणि ते काउंटरवर कुणालाच ओळखता येत नाही.

आणखी एक चूक वारंवार दिसते. मेडिकलमधून किंवा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देऊन ‘बघू उद्या’ म्हणायचं. तसं झालंच असेल तर लपवू नका, गोळीचं नाव आणि किती घेतल्या ते निरोपात लिहा. डॉक्टरांनी योग्य औषध सुरू केल्यावरही पहिल्या एक-दोन दिवसांत लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते. म्हणून औषधानंतर रेघ ओलांडली की घाबरायचं नाही, पण कळवायचं. अठ्ठेचाळीस तासांनंतरही पसरतच असेल, किंवा त्याआधीच ताप चढत असेल, तर पुन्हा तसाच निरोप: ‘औषध सुरू होऊन दोन दिवस झाले, रेघेच्या इतके सेंटिमीटर बाहेर.’

हाच साचा दुसऱ्या दुखण्यांनाही चालतो, फक्त मापाची पट्टी बदलते. लहान मुलाच्या उलट्या-जुलाबांत ‘काहीच खात नाही’ यापेक्षा ‘सकाळपासून सहा उलट्या, शेवटची शू रात्री दहाला’ हे जास्त सांगतं. पोटात दुखत असेल तर काल बेंबीजवळ होतं, आज उजवीकडे खाली सरकलंय, हे सांगा.

त्या काकांना सरांनी साडेनऊलाच तपासलं. पायाच्या नाडीवर बोट ठेवलं, चिरेत सळी घालून ती हाडापर्यंत पोहोचते का बघितलं, एक्स-रे काढायला पाठवलं आणि दुपारच्या आत शिरेतून औषध द्यायला ॲडमिट केलं. ॲलर्जी लिहिलेली असल्यामुळे पेनिसिलिनच्या जातीचं औषध टाळता आलं. चौथ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली. खरं तर सोमवारीच यायला हवे होते; एक दिवस वाया गेला होता, आणि तो गुरुवार मीच दिला होता. त्यानंतर मी काउंटरच्या काचेखाली चार प्रश्नांचा कागद ठेवला: मधुमेह आहे का, कधीपासून, कालच्यापेक्षा काय वाढलं, ताप किती. ‘जरा’ म्हणणाऱ्यांना मी तेच उलट विचारायचे.

तीन आठवड्यांनी मुलीचा पुन्हा निरोप आला. “बाबा, फाइल नं. —. चीर बुजली. लाली नाही, ताप नाही. उपाशी साखर १५२. फेरतपासणीची तारीख हवी, घाई नाही.”

मी लिहिलं, “गुरुवार संध्या. ७.१५.”